पाच टक्क्याने उचललेले 50,000: वर्षाने किती?

विचारणारा शेतकरी: पेरणीसाठी गावातल्या सावकाराकडून 50,000 रुपये पाच टक्क्याने घेतोय. पहिल्या महिन्याचं व्याज कापून 47,500 हातात देणार. बँकेचे 12 टक्के आणि याचे 5, म्हणजे हे स्वस्तच ना? वर्षाने किती द्यावे लागतील?

भुसार व्यापारी: अहो, त्याचे पाच टक्के दर महिन्याचे आहेत. बँकेचे बारा टक्के वर्षाचे. पाच गुणिले बारा, साठ टक्के. वर्षाचं व्याज 30,000, मुद्दल धरून 80,000. हिशोब संपला. पण मी सावकाराला नावं ठेवणार नाही. बँकेत सातबारा, नो ड्यूज गोळा करेपर्यंत वाफसा निघून जातो. हा रात्री पैसे देतो.

निवृत्त बँक कर्मचारी: संपला नाही, दादा. 2,500 आधीच कापले, म्हणून वर्षअखेर 77,500 द्यायचे. पण वापरायला मिळाले 47,500. त्यावर 30,000 म्हणजे 63 टक्के. तेही व्याजावर व्याज लावलं नाही तर. पीक निघेपर्यंत दरमहा 2,500 कुठून आणणार? थकलेलं व्याज मुद्दलात धरलं, तर उरलेल्या अकरा महिन्यांत 50,000 चे सुमारे 85,500 होतात. हातातल्या रकमेवर 80 टक्के. म्हणून आधी विचारा, थकलेलं व्याज मुद्दलात चढवणार का? महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात चक्रवाढ चालत नाही, आणि परवानाधारकालाही शेतीच्या विनातारण कर्जावर वर्षाला 12 च टक्के लावता येतात. म्हणजे 6,000.

व्यापारी: कायदा पुस्तकात. 12 टक्क्याने विनातारण देणारा आमच्या तालुक्यात एक तरी दाखवा. पैसे बुडाले तर त्याचं काय?

एक गृहिणी: आमच्या सासऱ्यांनी पैसे घेतले तेव्हा तारण म्हणून शेताचं खरेदीखत करून दिलं होतं. व्याज फेडलं तरी जमीन परत मिळेना. आम्ही जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केलाय, सुनावणी चालू आहे. भाऊ, टक्का सोडा, कागदावर सही कशाची घेतोय ते बघा. कोरा चेक देऊ नका.

विचारणारा शेतकरी: कागद काही नाही, त्याच्या वहीत नोंद. वीस महिने फेडता आलं नाही तर?

निवृत्त बँक कर्मचारी: सरळ व्याजानेही वीस महिन्यांत व्याज 50,000, मुद्दलाइतकं. कायद्याने त्यापुढे व्याज मागता येत नाही, दामदुपटीची हद्द आहे. चक्रवाढीने तो पंधराव्या महिन्यातच तिथे पोचतो. प्रत्येक हप्ता खात्यावरून द्या. त्याच्या वहीत तुमचे पैसे चढले की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

व्यापारी: खात्यावर तो घेणारच नाही.

विचारणारा शेतकरी: सोसायटीच्या सचिवांना उद्या गाठतो. पण मागची थकबाकी आहे माझी, नवं कर्ज देतील का?