मदत हवी आहे: बाबांच्या यूट्यूब चॅनलचे सबस्क्रायबर कमी होतायत, नेमकं काय बघायचं?

पेटीवाल्यांची_लेक:
नमस्कार मंडळी. माझे बाबा यूट्यूबवर पेटी शिकवतात, अगदी सुरुवातीपासून, बोटं कशी ठेवायची, भाता कसा मारायचा, मग हळूहळू अभंगाच्या चाली. आषाढीच्या सुमारास त्यांचा एका अभंगाचा शॉर्ट खूप चालला आणि भराभर सबस्क्रायबर वाढले, मग बरेच दिवस 12.4K दिसत होतं आणि आता अचानक 12.3K. बाबा म्हणतात शंभर माणसं नाराज होऊन गेली, नवीन धडा रेकॉर्ड करायला बसतच नाहीयेत, रोज सकाळी उठून आधी तो आकडा बघतात. मला स्टुडिओ थोडाफार उघडता येतो पण त्यातलं काय खरं काय किरकोळ ते कळत नाही. खरंच काळजीचं आहे का?

राजापूरकर_७४:
ताई, माझं गावाकडच्या रेसिपींचं चॅनल आहे. सोपा उपाय सांगतो, ॲनालिटिक्समध्ये कुठल्या व्हिडिओवरून जास्त लोक गेले ते बघा आणि तो व्हिडिओ डिलीट मारा. मी असंच करतो.

निशिगंधा_प:
डिलीट वगैरे आत्ता काही करू नका, आधी आकडा नीट बघूया. मी तीन-चार मराठी चॅनलचं एडिटिंग आणि बाकीचं सगळं बघते, हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

पहिली गोष्ट, शंभर माणसं गेलेली नाहीत. हजाराच्या वर गेलं की यूट्यूब सगळ्यांना फक्त पहिले तीन आकडे दाखवतं, पुढचे सरळ कापून टाकतं, २०१९ च्या सप्टेंबरपासून असंच आहे. म्हणजे १२,४०० असतील तर 12.4K आणि त्यातला एक जण गेला, १२,३९९ झाले, की लगेच 12.3K. बाहेरच्या आकडे दाखवणाऱ्या साइटीही हाच कापलेला आकडा उचलतात म्हणून तिथे एका दिवसात उणे शंभर दिसतं, आणि वाढतानाही तसंच, बरेच दिवस काही नाही आणि मग एकदम अधिक शंभर. खरा आकडा फक्त स्टुडिओत, तुमच्या लॉगिनमध्ये.

आता कॉम्प्युटरवर स्टुडिओ उघडा, Analytics मध्ये जाऊन Advanced mode, तारीख शेवटचे २८ दिवस, आणि Subscribers gained आणि Subscribers lost दोन्ही वेगळे बघा. नुसती बेरीज-वजाबाकी बघितली तर काहीच कळत नाही. मग तिथेच Subscription source निवडा आणि त्यात Closed accounts अशी ओळ आहे का बघा. आकडे इथे टाका, मग बोलू. शेवटचे दोन दिवस सोडून द्या, ते उशिरा भरतात.

कट्ट्यावरचा_संज्या:
माझंपण असंच झालंय, १००४ होते ते ९९६ झाले, आता पैसे बंद होणार का? मॉनेटायझेशन गेल्याच महिन्यात चालू झालंय.

निशिगंधा_प:
संजय, एकदा प्रोग्राममध्ये घेतलं की नुसतं हजाराच्या खाली आलं म्हणून आपोआप काढत नाहीत. सहा महिने किंवा जास्त काहीच टाकलं नाही तर मात्र काढू शकतात. जाहिरातींच्या पैशासाठी नव्याने अर्ज करायचा असता तर हजार लागले असते, तुझं झालंय ना. व्हिडिओ टाकत राहा.

पेटीवाल्यांची_लेक:
बघितलं. २८ दिवसांत आले ९६, गेले १३१. आधी १२,४२१ होते, आता १२,३८६. म्हणजे खरे ३५ च कमी झालेत!! आणि Closed accounts मध्ये ५८ आहेत, ते जवळपास सगळे एकाच दिवशी, त्या दिवशी बाबांनी काही टाकलंही नव्हतं.

निशिगंधा_प:
मग अर्धी गोष्ट इथेच मिटली. ते ५८ म्हणजे ज्यांची खातीच बंद झाली, स्वतः बंद केली किंवा नियम मोडले म्हणून यूट्यूबने केली. यूट्यूब स्पॅम खाती अधूनमधून झाडून काढतं आणि गूगलनेही २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न वापरलेली खाती काढायला सुरुवात केलीय. यातल्या कोणी बाबांवर नाराज होऊन बटण दाबलेलं नाही. काही अपलोड नसताना एकाच दिवशी खड्डा दिसला की पहिला संशय हाच घ्यायचा.

५८ वजा केले तर स्वतःहून गेलेले ७३, आणि आलेले ९६. म्हणजे खऱ्या माणसांच्या हिशोबात चॅनल २३ ने वाढलंय. बाबांना हे कागदावर लिहून दाखवा.

आता ७३ कुठून गेले ते व्हिडिओप्रमाणे लावून बघा, पण नुसता गेलेल्यांचा आकडा बघू नका, शेजारी व्ह्यूजही ठेवा.

पेटीवाल्यांची_लेक:
सगळ्यात जास्त दोन व्हिडिओ. "यमन पहिला धडा" वर ९,००० व्ह्यूज, आले ४०, गेले १८. आणि मंडळाच्या भजनसंध्येचं दीड तासाचं रेकॉर्डिंग, १,१०० व्ह्यूज, आले ३, गेले २३. बाकीचे ३२ चॅनलच्या पानावरून आणि इकडून तिकडून.

राजापूरकर_७४:
बघा, म्हणजे दोन्ही उडवा असंच आलं ना माझ्या हिशोबाने.

निशिगंधा_प:
काका, यमनचा धडा उडवला तर चॅनलचा सगळ्यात चांगला रस्ता बंद होईल. हजार व्ह्यूजमागे दोन जण गेले आणि चारहून जास्त आले. जो व्हिडिओ जास्त बघितला जातो त्यावरून जाणारेही जास्त दिसणारच. रेकॉर्डिंगवर मात्र हजारामागे जवळपास एकवीस गेले आणि आले जेमतेम तीन, तिथे खरंच काहीतरी आहे. माझा अंदाज असा, लोकांनी पेटी शिकायला सबस्क्राईब केलं आणि फीडमध्ये दीड तासाचा कार्यक्रम आला. अंदाजच आहे हा, कारण माणूस ज्या व्हिडिओखाली बटण दाबतो त्याच्या नावावर तो जमा होतो, तो आला कुठून होता ते यूट्यूब सांगत नाही. शॉर्टवरून आलेले आषाढीनंतर पांगलेत का हे त्यामुळे सिद्ध करता येणार नाही, पण शॉर्टवरून आलेली गर्दी पुढचे काही महिने थोडी थोडी गळते हे मी प्रत्येक चॅनलवर बघितलंय.

पेटीवाल्यांची_लेक:
रेकॉर्डिंग काढायला बाबा तयार होणार नाहीत, मंडळातली सगळी म्हातारी माणसं ती बघतात, कॉमेंटही त्यांचेच असतात. आणि मलाही ते काढावंसं वाटत नाही.

निशिगंधा_प:
काढूच नका. पुढचं रेकॉर्डिंग टाकताना Show more मध्ये Publish to subscriptions feed and notify subscribers ची टिक काढा, म्हणजे सबस्क्रायबरांना नोटिफिकेशन जाणार नाही, फीडमध्येही येणार नाही, पण व्हिडिओ चॅनलवर असेल आणि मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकता येईल. टिक आधीच काढायची, पब्लिश झाल्यावर काढून उपयोग नाही.

ठाणेकर_मुग्धा:
मी असते तर रेकॉर्डिंगचं वेगळंच चॅनल काढलं असतं. शिकणारे आणि ऐकणारे एकाच ठिकाणी ठेवले की दोघांनाही नको ते मिळतं.

निशिगंधा_प:
मुग्धा, पटतं पण एकटा माणूस दोन चॅनल सांभाळताना दोन्ही बंद पडतात हेही बघितलंय. इथे नक्की सांगता येणार नाही.

पेटीवाल्यांची_लेक:
मुग्धाताई, विचारून बघते त्यांना. कागदावर ९६, ५८ आणि ७३ लिहून दिलेत, त्यांनी दोनदा वजाबाकी केली आणि मग विचारलं की यमनचा दुसरा धडा कधी टाकायचा. निशिगंधा, एक राहिलं, आता परत कधी बघायचं हे सगळं? रोज नको ना?

निशिगंधा_प:
रोज नकोच. पुढचे दोन धडे टाकून झाले की २८ दिवसांचं परत काढा आणि आत्ताच्या शेजारी ठेवा. मध्ये फक्त एकच गोष्ट बघायची, कुठल्या धड्यावर हजारामागे जाणारे एकदम वाढले तर. तसं झालं तर इथेच टाका आकडे.