मदत हवी आहे: कथेतल्या मुलाचं अडखळतं वाचन सफाईदार होताना कसं दाखवू?

नववीतल्या, चौदा वर्षांच्या मुलावर कथा लिहितेय. तालुक्याच्या वाचनालयातले ग्रंथपाल काका त्याला रोज वाचायला बसवतात. मुलाची घरची भाषा मराठीच, नजर चांगली, बोलायला चुणचुणीत. अक्षरं सगळी येतात, पण ‘कार्यक्रम’ तो ‘का-र-य-क-रम’ असा फोडतो आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो. लांब शब्द आला की पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकतो.

काका शिक्षक नाहीत, म्हणून पद्धत साधी ठेवलीय. आधी ते छोटा परिच्छेद वाचून दाखवतात, मग दोघं एकत्र वाचतात, मग तो एकटा. तोच परिच्छेद दुसऱ्या दिवशी पुन्हा. अडला तर काका मनात पाचपर्यंत मोजतात आणि मगच शब्द सांगतात. पहिलीची पुस्तकं दिली तर त्याला लाज वाटेल, म्हणून क्रिकेटच्या बातम्या निवडल्यात.

अडचण मधल्या टप्प्याची आहे. त्याच परिच्छेदावर वेग वाढलेला दाखवला, तर तो त्याला पाठ झाला असंही वाचकाला वाटू शकतं. म्हणून नवा मजकूर देऊन पाहणारा प्रसंग लिहिला, पण तिथे तो एकदम घडाघडा वाचतो, ते खोटं वाटतं. कथा जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीला संपते, तो काळ वाढवता येणार नाही.

मोठ्या मुलांना वाचायला शिकवलेल्यांना विचारते: नव्या मजकुरात आधी काय सुधारतं, जोडाक्षरं, वेग की विरामचिन्हांवर थांबणं? आणि दिवाळीपर्यंत तो कुठवर पोचलेला पटेल?