अहवालाच्या पीडीएफच्या पोटात एक्सेल, फोटो आणि स्क्रिप्ट: करावं की झिप बरी?

शिंपला: पाहणीचा ४२ पानी अहवाल पीडीएफमध्ये तयार आहे. सोबत मोजणीची एक्सेल फाइल, ३८ मूळ फोटो आणि आलेख काढणारी छोटी पायथन स्क्रिप्ट द्यायची आहे. मला हे सगळं पीडीएफलाच अटॅच करून एकच फाइल पाठवायची आहे. सहकारी म्हणतो, झिप कर. कोणाचं ऐकू?

गाठोडं: स्वतःचंच ऐका. झिप उघडली की फायली सुट्या होतात. कोणीतरी अहवाल तेवढा पुढे ढकलतो आणि सहा महिन्यांनी "मूळ आकडे कुठायत?" म्हणून शोधाशोध सुरू होते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये पोर्टफोलिओ बनवा, सगळं एकत्र राहील. वर पीडीएफ/ए म्हणून सेव्ह केलंत तर कायमचं जतन झालं, प्रश्न मिटला.

मधलं_पान: फोटो तर मी नेहमी पीडीएफमध्येच घालतो. वर्डमध्ये पानावर चिकटवायचे आणि एक्स्पोर्ट करायचं. अडचण काय आहे तेच कळलं नाही.

शिंपला: @मधलं_पान पानावरचे नकोत हो. एक्स्पोर्ट करताना ते लहान होतात, कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख-वेळही जाते. मूळ जेपीजी जशीच्या तशी बाहेर काढता आली पाहिजे.

फडताळ: @गाठोडं, दोन गोष्टींची गल्लत होतेय. साधी अटॅचमेंट म्हणजे अहवाल नेहमीसारखा उघडतो आणि फायली बाजूच्या पेपरक्लिपखाली दिसतात. पोर्टफोलिओत मात्र अहवाल हीसुद्धा आतलीच एक फाइल होते आणि बाहेर उरतं फक्त मुखपृष्ठ. ज्या प्रोग्रामला पोर्टफोलिओ कळत नाही तो "ही फाइल अमुक प्रोग्राममध्ये उघडा" एवढं एकच पान दाखवून मोकळा होतो. ४२ पानं तयार असताना त्यांच्यावर असं झाकण कशाला घालायचं?

पीडीएफ/ए म्हणाल तर ते नुसतं नाव घेऊन भागत नाही. पीडीएफ/ए-१ मध्ये अटॅचमेंट चालतच नाही. ए-२ मध्ये चालते, पण आतली फाइलही पीडीएफ/ए-च हवी. एक्सेल किंवा पायथनला परवानगी मिळाली ती २०१२ च्या ए-३ पासून. तिथेही हमी बाहेरच्या पानांपुरतीच. आतली एक्सेल वीस वर्षांनी उघडेल का, यावर ते मानक काही बोलत नाही.

शिंपला, एवढ्या कामाला अ‍ॅक्रोबॅट लागतच नाही:

```
qpdf ahwal.pdf gathoda.pdf \
  --add-attachment mojni.xlsx -- \
  --add-attachment aalekh.py --
qpdf --list-attachments gathoda.pdf
```

फोटोही तसेच एकेक करून जोडा. आकार फारसा घटेल असं समजू नका, कारण जेपीजी आणि एक्सएलएसएक्स या आधीच दाबलेल्या फायली असतात. २ एमबीचा अहवाल आणि ११ एमबीचे फोटो म्हणजे १३ एमबीच्या पुढेच जाणार. मेलमधून जाताना तेच साधारण एक तृतीयांशाने फुगतं, तेव्हा मर्यादा आधी बघून घ्या.

खटपट्या: एकेक कशाला? फोटोंची झिप करायची आणि तीच पीडीएफला अटॅच करायची!

फडताळ: @खटपट्या करून बघा. अ‍ॅक्रोबॅट झिप जोडून घेतो, पण समोरच्याने उघडायला किंवा सेव्ह करायला गेलं की सुरक्षेचं कारण देऊन अडवतो. ईएक्सई, व्हीबीएस आणि झिप त्याच्या बंदीच्या यादीत असतात. मग लोक एक्स्टेन्शन बदलून पाठवतात, आणि ते नाव परत कसं बदलायचं हे समजावायला वेगळा मेल लिहितात.

गाठोडं: बरं, पोर्टफोलिओ नको. साधी अटॅचमेंट घ्या. तरी मुद्दा उरतोच: सगळं एका फाइलीत राहतं.

फडताळ: राहतं, फाइलीला कोणी हात लावत नाही तोपर्यंत. माझ्यासोबत घडलेलं सांगतो. मोजमापाच्या कामाचा असाच अहवाल, आत दोन एक्सेल आणि फोटो मिळून १४ एमबी. ज्यांना पाठवला त्यांना पुढे अपलोड करायला तो जड झाला, म्हणून त्यांनी "प्रिंट टू पीडीएफ" केलं. १.७ एमबीची नवी फाइल झाली. पानं सगळी जागच्या जागी, ठसे-सह्यांची चित्रं छान, "तपशील सोबतच्या तक्त्यात" हे वाक्यही तिथेच. तक्ता तेवढा गेला. प्रिंटमध्ये कागदावर दिसतं तेवढंच उतरतं, आणि अटॅचमेंट काही कागदावर नसते. त्या फाइलीने तीन टेबलं ओलांडली, कोणाला पत्ता नाही. झिपमधली फाइल हरवली तर निदान ती नाही हे दिसतं.

शिवाय पेपरक्लिप सगळीकडे दिसतेच असंही नाही. फायरफॉक्समध्ये बाजूच्या पट्टीत यादी येते, पण मॅकच्या प्रीव्ह्यूमध्ये आणि फोनवरच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती येतच नाही. फाइल शाबूत असली तरी वाचणाऱ्याला वाटतं, काही पाठवलंच नाही.

गाठोडं: मग डिजिटल सही करा ना! अटॅचमेंट जोडून झाल्यावर केलेली सही पानांसकट आतल्या फायलींनाही लागू होते. नंतर कोणी एक्सेल बदलून घुसवली तर सही तपासताना बदल उघडा पडतो. साध्या झिपमध्ये ही सोय नाही. तिथे मधल्या माणसाने फाइल बदलून पुन्हा झिप केली तर तुम्ही काय ओळखणार?

फडताळ: हा मुद्दा मान्य, आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. फक्त प्रिंट टू पीडीएफने सहीही पुसली जाते. तुटलेली सही इशारा तरी देते, नसलेली सही काहीच देत नाही. मूळ फाइलीवर सही होती हे ज्याला माहीत आहे तोच ती शोधेल.

मधलं_पान: मला एकदा अशीच फाइल आली होती. पेपरक्लिपवरून एक्सेल थेट उघडली, तासभर दुरुस्त्या केल्या, सेव्हही केलं. दुसऱ्या दिवशी पीडीएफमधली एक्सेल जुनीच! माझी प्रत कुठल्यातरी टेम्प फोल्डरमध्ये गेली होती, ती अजून सापडलेली नाही.

फडताळ: म्हणून आधी फायली बाहेर काढा, मग उघडा. `pdfdetach -saveall gathoda.pdf` म्हटलं की सगळ्या एका झटक्यात फोल्डरमध्ये येतात. स्क्रिप्ट तर एरवी चालणारच नाही, कारण ती `mojni.xlsx` शेजारच्या जागी शोधणार. आणि शिंपला, जोडायचंच असेल तर अहवालाच्या पहिल्या पानावर आतल्या फायलींची नावं आणि आकार छापा. अटॅचमेंट वाटेत गळली तरी छापलेली यादी प्रिंटमधूनही टिकते, आणि वाचणारा निदान विचारतो तरी.

गाठोडं: यादी छापायची म्हटल्यावर झिप कशाला हवी? हे तर माझ्याच बाजूचं झालं.

फडताळ: यादीने फाइल परत येत नाही. झिप वेगळी पाठवून ठेवलेली असेल तर येते.

शिंपला: करून पाहिलं. जोडलेली पीडीएफ आमच्या कागदपत्रांच्या पोर्टलवर चढवली, लगेच तिथूनच परत उतरवली. नाव तेच, पानं ४२, आकार १३.८ वरून १.९ एमबी. qpdf म्हणतो:

```
gathoda.pdf has no embedded files
```

म्हणजे पोर्टल स्वतःच फाइल नव्याने लिहितंय. पहिल्या पानावर यादी घातली आणि झिप मेलने वेगळी पाठवली.

गाठोडं: दोष पोर्टलचा, पद्धतीचा नाही. मेलनेच जाणार होतं तर सही केलेली पीडीएफच मेल करायची की.