तिकडे सुप्रभात, इकडे रात्रीचे दोन: उत्तर काय लिहावं?

मंगल: मी नाशिकला एका आजींजवळ रात्रपाळीला असते. त्यांचा मुलगा मेलबर्नला. सकाळी साडेसहाला उठला की तो लिहितो, ‘सुप्रभात ताई, आई कशी आहे?’ तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. मी सुप्रभात लिहू की शुभ रात्री?

विनायक: तुमच्याकडे रात्र आहे, तेव्हा शुभ रात्री. सरळ आहे.

कुंदा: फोन सायलेंटवर टाकून झोपा हो, सकाळी उत्तर द्या.

मंगल: झोपायचं कसं? दोनला आजींची कूस बदलायची असते. जागीच असते मी.

श्रीपाद: विनायकराव, वेळ लिहिणाऱ्याची धरायची हा विचार चुकीचा नाही, पण ‘शुभ रात्री’ आपण निरोप घेताना म्हणतो. सुरुवातीलाच आलं तर ‘आता बोलायचं नाही’ असं वाटेल. ‘सुप्रभात दादा’ लिहा, सकाळ त्यांची आहे. किंवा नुसतं ‘नमस्कार दादा’, त्याला वेळेचं बंधनच नाही.

मला काळजी पुढच्या वाक्याची आहे. समजा गुरुवार उजाडायचा आहे, रात्रीचे दोन वाजलेत आणि तुम्ही लिहिलंत, ‘आज रात्री ताप नव्हता.’ तुमच्या मनात ही बुधवारची रात्र, कारण आपला वार सूर्योदयाला बदलतो. दादाच्या फोनवर मात्र गुरुवारची सकाळ आहे, त्याची ‘आज रात्र’ अजून यायची आहे. ‘काल रात्री’ लिहिलंत तर मंगळवारची की बुधवारची, असा घोळ. ताप आणि औषधाच्या बाबतीत असं चालणार नाही. म्हणून वाराचं नाव घालून लिहा: ‘सुप्रभात दादा. बुधवारी रात्री दहाला गोळी दिली. आता इथे दोन वाजलेत, ताप नाही, आजी झोपल्या आहेत.’ ‘परवा’ तर टाळाच, तो मागचाही असतो आणि पुढचाही.

रश्मी (न्यू जर्सी): आमचं उलटं. माझ्या सकाळी आईची संध्याकाळ असते. ती ‘शुभ संध्याकाळ’ लिहिते, मला ते भाषणासारखं वाटतं. ‘चहा झाला का?’ म्हणाली की बरं वाटतं.

मंगल: दादा ‘पहाटे दोन’ म्हणतात. ते बरोबर का?

श्रीपाद: मी नाही म्हणणार. पहाट साधारण चारनंतर. दोनला उत्तररात्र, बोलताना ‘रात्रीचे दोन’. शिवाय ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं तासभर पुढे जातात. मग त्यांचं साडेसहाचं सुप्रभात तुम्हाला एकलाच येईल.

विनायक: निरोपाचं मान्य. पण ‘पहाटे तीन’ आमच्याकडे सर्रास म्हणतात. एसटीची पहिली गाडी पकडायला उठणाऱ्याला तीन म्हणजे पहाटच.

श्रीपाद: उठणाऱ्याला पहाट, हे पटतं. पण मंगलताई झोपलेल्याच नाहीत, त्यांनी तीनला काय म्हणावं?