मदत हवी आहे: स्मार्ट स्पीकर हाक ऐकतच नाही (घोडबंदर रोड, ठाणे)

कासारवडवलीकर
हॉलमधला स्मार्ट स्पीकर दहा हाका मारल्या तर दोन-तीनदा उठतो. काही दिवस तर अजिबातच नाही. आईसाठी ठेवलाय. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सारखं उठवत नाही, म्हणून गोळ्यांची आठवण, सकाळचा हरिपाठ आणि गरज पडली तर मला फोन, एवढ्यासाठीच. आता ती हाका मारून दमते आणि गोळीची वेळ टळते. चुकून उठला तरी उत्तर यायला खूप वेळ लागतो.

रीसेट तीनदा केलाय. म्यूट नाही, बघितलंय. नेट 100 एमबीपीएसचं आहे. जुन्या घरी नौपाड्यात हाच स्पीकर अगदी व्यवस्थित चालत होता. दुसऱ्या कंपनीचा घ्या असं कृपया सांगू नका. लवकर उत्तर हवंय.

वाशी_सेक्टर_नऊ
नेट. शंभर टक्के नेट. ही यंत्रं सगळी क्लाउडवर चालतात. माझ्याकडेही हेच होत होतं, मेश राउटर बसवला आणि प्रश्न मिटला. 100 एमबीपीएस बिलावर असतात, घरात किती येतात ते बघा.

ऐरोलीची_शुभदा
अहो, स्पीकर ठेवलाय कुठे ते तर लिहा! हाक मारल्यावर दिवा लागतो का? लागतो आणि मग गप्प राहतो, की लागतच नाही? आई किती लांब बसतात? टीव्ही चालू असतो का? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

कासारवडवलीकर
टीव्ही युनिटमध्ये खण आहे त्यात ठेवलाय, इंटिरिअरवाल्याने त्यासाठीच केलाय. खाली साउंडबार. आई समोर सोफ्यावर, 12-13 फूट असेल. दिवा बहुतेक वेळा लागत नाही. लागला तर सात-आठ सेकंदांनी बोलतो. सेक्टर नऊ, मेशला पैसे घालायच्या आधी खात्री हवी.

पनवेलचे_काका
आमच्याकडे उलट आहे. मालिका चालू असली की मध्येच आपोआप बोलायला लागतो. रात्री दोनदा दचकून उठलो. मी तर माइक कायमचा बंद करून टाकलाय. घरातलं बोलणं कुठे जातं कुणाला माहीत. तुम्हीही बंदच ठेवा.

ऐरोलीची_शुभदा
काका, त्यांना तो ऐकायला हवाय. आईंना हाताने काही लावता येत नाही.

ध्वनीवाला_ठाणे
मी सभागृहांत ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकत्र बघताय. वेक वर्ड, म्हणजे त्याला उठवायची हाक, स्पीकर स्वतःच आतल्या आत ओळखतो. त्याला नेट लागत नाही. दिवा लागल्यानंतर तुमचं वाक्य बाहेर जातं आणि उत्तर येतं, तिथे नेट लागतं. म्हणजे दिवा न लागणं हा ऐकण्याचा प्रश्न आणि दिव्यानंतरची वाट हा नेटचा.

ऐकण्याचं सांगतो. नौपाड्याचं घर जुनं असणार. विटांच्या भिंती, पडदे, गाद्या, भरलेली कपाटं. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये बहुतेक माइव्हानचं बांधकाम, म्हणजे भिंती सगळ्या काँक्रीटच्या आणि गुळगुळीत, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला मोठी काच. हॉलच्या मध्यावर उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर झर्रर्र असं शेपूट ऐकू आलं तर खोली घुमतेय.

आई बोलतात तेव्हा त्यांचा थेट आवाज एकदा पोचतो आणि मागोमाग भिंतींवरून आलेले त्याचेच तुकडे. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो. घुमणारा मात्र खोलीभर साधारण तेवढाच राहतो. म्हणून 12 फुटांवर माइकला शब्दांपेक्षा घूमच जास्त मिळते. त्यात तो तिन्ही बाजूंनी बंद खणात. त्या प्लायवरून आवाज लगेच परत आपटतो आणि शब्द पुसट होतात. ओरडून उपयोग नाही, कारण ओरडलं की घूमही तेवढीच वाढते.

साउंडबारचंही तसंच. स्पीकर स्वतः जे वाजवतो ते त्याला माहीत असतं, ते तो ऐकण्यातून वजा करतो. शेजारच्या साउंडबारमधून काय येतंय ते त्याला माहीत नसतं.

वाशी_सेक्टर_नऊ
पण माझा प्रश्न मेशनेच सुटला, हे कसं नाकारता?

ध्वनीवाला_ठाणे
नाकारत नाही. मेश लावताना तुम्ही स्पीकरची जागा बदलली होती का?

वाशी_सेक्टर_नऊ
हो, नवीन युनिट ठेवायला तो डायनिंग टेबलवर आणला होता. पण तरी फरक मेशमुळेच पडला असं मला वाटतं.

ध्वनीवाला_ठाणे
वाद नको, करून बघा. राउटर बंद करा आणि दहा हाका मारा. दिवा लागून 'इंटरनेट नाही' असं बोलला तर त्याने ऐकलं. राउटर चालू करून पुन्हा दहा. दोन्ही आकडे सारखे आले तर ऐकण्यात नेटचा हात नाही. हाका आईंनाच मारू द्या, नेहमीच्या आवाजात. तुमचा आवाज वेगळा आहे.

कासारवडवलीकर
रविवारी सगळं केलं. टीव्ही बंद ठेवून, आईच्या हाका, आईच्याच जागेवरून.

राउटर चालू, स्पीकर खणात: 10 पैकी 4. राउटर बंद, खणातच: पुन्हा 4. सेक्टर नऊ, माफ करा.
खणासमोर एका फुटावर मी खुर्ची ठेवून आईला बसवलं: 10 पैकी 10. म्हणजे माइक धडधाकट आहे.
टीव्ही लावून सोफ्यावरून: 1.

टाळीचं शेपूट स्पष्ट ऐकू आलं. इतके दिवस या घरात राहतोय आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

मग स्पीकर खणातून काढून सोफ्याच्या बाजूच्या स्टुलावर ठेवला, आईपासून चार-पाच फुटांवर: 9. टीव्ही लावून: 6.

ऐरोलीची_शुभदा
स्टूल भिंतीला टेकवू नका, निदान आठ इंच मोकळे सोडा. आणि बरोबर पंख्याखाली नको. वारा थेट माइकच्या भोकांवर बसला की त्याला नुसती घरघर ऐकू येते. माझ्याकडे मे महिन्यात हेच झालं होतं.

पण 10 पैकी 4 आणि 'काही दिवस अजिबात नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. म्यूट नाही हे तुम्ही कुठे बघितलंत?

कासारवडवलीकर
ॲपमध्ये. आवाज 60 टक्क्यांवर होता.

ऐरोलीची_शुभदा
ते बोलण्याच्या आवाजाचं! माइकची कळ वेगळी, स्पीकरच्या अंगावर असते. कुणाच्या मागे, कुणाच्या वर. ती दाबली की लाल किंवा नारिंगी दिवा लागतो, आणि मग तो ऐकूच शकत नाही. फोनवरून ती उघडता येत नाही, तिथे जाऊनच दाबावी लागते.

कासारवडवलीकर
शुभदाताई, मंगळवारी मुद्दाम घरून काम केलं. अकराच्या सुमारास मावशी फडकं घेऊन युनिट पुसायला आल्या. स्पीकर स्टुलावर दिसला तसा एका हाताने धरला आणि वरून गोल फडकं फिरवलं. कळ वरच आहे, टक् करून दाबली गेली आणि कडेने लाल रेघ उजळली. खणात असताना वरची फळी इतकी जवळ होती की ती रेघ सोफ्यावरून दिसणंच शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच फडक्याने पुन्हा दाबली जात असेल तर चालू. म्हणून एक दिवस ठार बहिरा आणि एक दिवस अर्धवट.

मावशींचा काही दोष नाही. त्यांना कळ दाखवली आणि तो पुसायचा नाही असं ठरवलं, धूळ मी काढेन. आईलाही सांगितलंय, लाल दिसलं तर मला कळव.

आता उत्तराला लागणाऱ्या वेळाचं सांगा.

खारघरची_केबल
राउटर कुठे आहे? नव्या टॉवरमध्ये फायबर दाराजवळच्या डीबीच्या पेटीत आणतात आणि लोक राउटर तिथेच ठेवून पत्र्याचं झाकण लावून टाकतात. तसं असेल तर विंडोजचा लॅपटॉप घेऊन स्पीकरशेजारी बसा आणि वायफायवरून हे चालवा (राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला):

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिली ओळ फक्त घरातल्या राउटरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ मोजते, दुसरी बाहेरपर्यंतचा. पहिलीतच आकडे मोठे असले किंवा उत्तरं गळत असली तर केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही.

कासारवडवलीकर
राउटर डीबीतच, झाकण बंद. पहिल्या ओळीत 20 पैकी 3 गळले, बाकी कधी 9 तर कधी 400 मिलिसेकंद. डीबीजवळ बसून तेच केलं तर सगळे 2 ते 4. म्हणजे 100 एमबीपीएस पेटीपर्यंत येतात आणि तिथेच अडकतात.

खारघरची_केबल
केबल लांबवून राउटर पेटीबाहेर, उंचावर काढा. काँक्रीटच्या भिंती आधीच सिग्नल खातात, त्यात लोखंडी पेटी. स्पीकर 2.4 गिगाहर्ट्झवर असेल तर चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकी कमी गर्दीचा निवडा.

वाशी_सेक्टर_नऊ
म्हणजे थोडं तरी नेट होतंच की.

ध्वनीवाला_ठाणे
उत्तर उशिरा येण्यात होतं, ते मान्य.

पनवेलचे_काका
माझ्या स्पीकरचं कुणी सांगणार का? मालिकेत वेक वर्डसारखं नाव आहे, एवढंच मला समजलंय.

ऐरोलीची_शुभदा
काका, ॲपमध्ये वेक वर्ड बदलता येत असेल तर बदला, आणि स्पीकर टीव्हीपासून लांब न्या. बऱ्याच ॲपमध्ये त्याने काय ऐकलं याची नोंदही दिसते. रात्री कशाने उठला ते तिथे सापडेल.

कासारवडवलीकर
राउटर दारावरच्या फळीवर आणला. दिवा लागल्यापासून उत्तरापर्यंत आता दोन सेकंद. रात्री नऊ ते अकरा मात्र अजून चार-पाच लागतात. चॅनेल 11 करून बघितला, फारसा फरक नाही. इथे शेजारच्यांची 23 वायफाय दिसतात.

टीव्ही चालू असताना आईची हाक अजून 10 पैकी 6-7 वरच आहे. काचेला जाड पडदे शिवायला टाकलेत, शनिवारी मिळतील. लावले की पुन्हा दहा हाका मोजतो आणि इथे लिहितो. आज सकाळी हरिपाठ पहिल्याच हाकेला लागला.

ध्वनीवाला_ठाणे
पडद्यांना चुण्या भरपूर ठेवा, ताणून सपाट लावू नका. आणि सोफ्यासमोर एक जाड सतरंजी आजच टाका, शनिवारची वाट कशाला बघता? फक्त तिच्या कडा टेपने चिकटवा, आईंचा पाय अडखळायला नको.