सर्टिफाय झालं तितके टक्के नफा धरला की झालं?

सिमेंटवाला:
100 लाखांचं कंत्राट, खर्च 85 धरलेला, म्हणजे नफा 15. वर्षअखेर पार्टीच्या कन्सल्टंटने 50 लाखांचं काम मोजून सर्टिफाय केलं. निम्मं काम, निम्मा नफा, साडेसात लाख. वहीत टाका आणि मोकळे व्हा. लहान बिल्डरला याहून जास्त हिशेबाची गरज नाही. ज्यांना शंका काढायच्या असतील त्यांनी आधी साइटवर एक दिवस उभं राहावं.

खतावणी:
साइटवर उभं राहायला माझी ना नाही, कारण या हिशेबातली गडबड साइटवरच दिसते. सर्टिफिकेटचा टक्का धरा, हरकत नाही. हरकत आहे ती त्या 15 लाखांना. तो नफा टेंडर भरलं त्या दिवशीचा आहे. आज काम कुठे आलंय याचा त्यात काहीच पत्ता नाही.

हेच कंत्राट पुढे नेऊ. समजा वर्षअखेर वहीत खर्च पडलाय 43 लाख. त्यातली 3 लाखांची सळई आणि सिमेंट साइटवर तसंच पडून आहे. आणखी 2 लाख शेवटच्या मोजणीनंतर झालेल्या कामावर गेलेत, ते सर्टिफिकेटात नाहीतच. म्हणजे 50 लाखांच्या सर्टिफाय झालेल्या कामाला खर्च आला 38. वरवर 12 लाख सुटले, आणि इथेच माणूस फसतो.

आता उरलेलं काम बघा: प्लास्टर, फरशी, नळकाम, वायरिंग, दारं-खिडक्या, रंग. इंजिनियरला समोर बसवा आणि एकेका आयटमचं उरलेलं माप आजच्या भावाने मांडायला लावा. समजा अजून 49 लाख लागणार आहेत. 43 आणि 49 मिळून 92. म्हणजे कंत्राटाचा नफा 8 लाख, आणि निम्म्या कामाचा 4. वरच्या 12 पैकी 4 नफा म्हणून घ्यायचे आणि 8 चालू कामातून राखीव म्हणून वजा ठेवायचे. तुम्ही आजच साडेसात उचललेत, तर पुढच्या अख्ख्या कामाला अर्धा लाख उरतो.

असं होण्याचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पैसा लवकर हातात यावा म्हणून खोदाई, पाया, स्लॅब यांचे भाव चढवून भरतात आणि शेवटच्या आयटमना कमी धरतात. धंद्यात ते चालतं. पण मग सर्टिफिकेटवरचे 50 टक्के म्हणजे निम्मं काम नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे, उरलेलं बिल आणि उरलेला खर्च शेजारी लिहा. इथे उरलेलं बिल 50 लाख, आणि त्या कामाचा खर्च 92 वजा 38, म्हणजे 54. पुढचं निम्मं काम 4 लाख तोट्याचं आहे. त्याची सोय आज केली नाही, तर पुढच्या वर्षी याच वहीत तोटा लिहावा लागेल.

सिमेंटवाला:
49 हा आकडा आला कुठून? इंजिनियरच्या डोक्यातून. सर्टिफिकेटवर निदान समोरच्या पार्टीच्या कन्सल्टंटची सही असते. तुम्ही सही असलेला आकडा सोडून अंदाजाच्या मागे लागताय.

खतावणी:
तुमचे 85 हाही अंदाजच आहे, फक्त जुना झालेला. त्यावर कुठल्या कन्सल्टंटची सही आहे?

जुनीवही:
दोघंही उगाच भांडताय. पूर्वीपासून चालत आलेला नियम काय वाईट आहे? काम चौथाईच्या आत असेल तर नफा शून्य. चौथाई ते निम्म्याच्या आत असेल तर दिसणाऱ्या नफ्याचा एक तृतीयांश. निम्मं किंवा त्यापुढे असेल तर दोन तृतीयांश. आणि त्याला मिळालेल्या रकमेच्या प्रमाणाने गुणायचं. इथे पार्टीने हमीपोटी 10 टक्के रिटेन्शन कापून 45 मिळाले असतील, तर 12 चे दोन तृतीयांश 8, त्याचे 90 टक्के 7.2. पुढच्या खर्चाचा अंदाज लागतच नाही. मी ज्यांच्या वह्या लिहितो त्यांच्यापैकी एकाकडेही असा अंदाज करायला माणूस नाही.

खतावणी:
7.2! सावधगिरीचा म्हणून सांगितलेला नियम या कंत्राटावर खऱ्या नफ्याच्या जवळपास दुप्पट देतो. कारण तो फक्त मागे बघतो. 12 लाख कसे सुटले हे विचारत नाही, त्यातला एक तुकडा कापून उरलेले देऊन टाकतो. सुरुवातीच्या भावात चरबी असेल तर दोन तृतीयांशातही चरबीच येणार.

अंदाज करणं खरोखरच जमत नसेल तर त्याचंही उत्तर आहे. वसूल होईल इतक्या खर्चाएवढंच उत्पन्न धरा, नफा शून्य. आयएएस 11 या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकात तेच होतं, 2018 पासून त्याच्या जागी आयएफआरएस 15 आलं, त्यातही हा विचार टिकला आहे.

चावीहाती:
माझाही हाच घोळ आहे. मी माझ्या जागेवर इमारत बांधतो, फ्लॅट आधीच बुक होतात. माझा आर्किटेक्ट 60 टक्क्यांचं सर्टिफिकेट देतो, ते दाखवून बँक पुढचा हप्ता सोडते. मग मी 60 टक्के नफा धरू का? निम्मे फ्लॅट अजून विकलेले नाहीत.

मोजपट्टी:
चावीहाती, तुमचं प्रकरण वेगळं आहे. इमारत तुमची आणि सर्टिफिकेटही तुमच्याच माणसाचं, ते बँकेसाठी. न विकलेल्या फ्लॅटवर नफा कसला? तो तुमचा माल आहे. विकलेल्या फ्लॅटचं करारावर ठरेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

मूळ मुद्द्यावर. मी मोजणी करणारा आहे, तेव्हा सर्टिफिकेटबद्दल ऐका. शेवटचं बिल वर्षअखेरच्या तीन-चार आठवडे आधीच्या मोजणीवर असतं. त्यानंतरचं काम कागदावर येतच नाही. उलटही होतं. कंत्राटदार अडचणीत असला की कन्सल्टंट अर्धवट झालेलं काम पूर्ण धरून बिल पास करतो आणि पुढच्या बिलात तेच माप उणे करून घेतो. म्हणून पुढच्या वर्षीचं पहिलं बिल हातात आल्याशिवाय मी कुणाला टक्का सांगत नाही. त्यात उणे माप दिसलं तर मागचा टक्का फुगलेला होता.

सिमेंटवाला:
बघा, शेवटी सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या मर्जीवरच सगळं. आणि त्यावर रिटेन्शन! एका कामाचं माझं रिटेन्शन हमीची मुदत संपूनही मिळालं नाही. आधी म्हणाले गच्ची गळते. दुरुस्त करून दिली. मग म्हणाले फरशीला तडे आहेत. ते तडे त्यांनीच नंतर केलेल्या फोडाफोडीचे होते. त्या कामाचा जो काही नफा मी दाखवला, तो सगळा त्यांच्या तिजोरीत अडकलेला होता. टॅक्स मात्र मी भरला.

जुनीवही:
म्हणूनच मिळालेल्या रकमेचं प्रमाण लावायचं! मी काय वेगळं सांगत होतो? जे हातात नाही त्यावर नफा दाखवायचा नाही. खतावणींना हे पटणार नाही, कारण त्यांना बिल्डरचा टॅक्स भरावा लागत नाही.

खतावणी:
माझ्या खिशावर येऊ नका, आकड्यावर या. सिमेंटवाल्यांची भीती काय आहे? 5 लाखांचं रिटेन्शन बुडेल. तुमचा नियम त्यासाठी कापतो किती? 8 लाखांचे 10 टक्के, 80 हजार. पाच लाख बुडायच्या भीतीला 80 हजार कापून काय साधलं? आणि पार्टी चांगली असेल तर तेवढे तरी का कापायचे? काम झालं, मोजलं, सही झाली. रिटेन्शन हे येणं आहे, ते येण्यातच दाखवा.

वसुलीची शंका हा वेगळा प्रश्न आहे, तो वेगळाच सोडवा. हमीच्या काळातली दुरुस्ती एकूण खर्चाच्या अंदाजात धरा. आणि पार्टी खरोखर नडत असेल, तर त्या पार्टीकडच्या रकमेची तरतूद करा, पूर्ण पाच लाखांची करावी लागली तरी करा. दोन वेगळी दुखणी एका गुणाकारात मिसळली, की नंतर कुणालाच कळत नाही की नफा काम महाग पडल्यामुळे घटला की पैसे अडकल्यामुळे.

सिमेंटवाला:
तरतूद केली तर बँक विचारते तोटा का. नाही केली तर तुम्ही विचारता. लहान माणसाने कुणाचं ऐकायचं?

जुनीवही:
80 हजारांचा मुद्दा मान्य करावा लागतोय. पण चौथाईच्या आत शून्य नफा, हा भाग मी सोडणार नाही. पाया निघाल्याशिवाय खाली खडक आहे की पाणी हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा कुठला इंजिनियर अंदाज देणार?

खतावणी:
त्यावर भांडण नाही. फक्त चौथाई हा आकडा पवित्र समजू नका. काही कामांत अनिश्चितता दहा टक्क्यांतच संपते, काहींत निम्म्यापर्यंत राहते. आणि एक गोष्ट तुमच्या नियमात अजिबात नाही. उरलेला खर्च 49 ऐवजी 61 निघाला तर एकूण 104, म्हणजे 4 लाख तोटा. काम निम्मं झालं म्हणून तोटा निम्मा, 2 लाख, असं चालत नाही. पूर्ण 4 लाख आजच दाखवायचे.

सिमेंटवाला:
नफा हप्त्याहप्त्याने आणि तोटा एकरकमी? हा कुठला न्याय?

खतावणी:
ते 4 लाख बुडणार हे आज माहीत आहे. माहीत असलेला तोटा पुढच्या वर्षावर ढकलला, तर या वर्षीचा ताळेबंद बघून उधारीवर सळई देणारा दुकानदार फसतो.

मोजपट्टी:
खतावणींचं बहुतेक पटलं, पण एका गोष्टीवर मी त्यांच्या बाजूने नाही. आता हे म्हणतील सर्टिफिकेट सोडा, खर्चाच्या टक्क्याने जा. पडून असलेलं सामान वगळून लागलेला खर्च 40, एकूण 92, म्हणजे 43 टक्के आणि काही. चढवलेले भाव त्यातून गळतात, खरं आहे. पण एखादा स्लॅब खराब ओतला गेला आणि तोडून परत ओतला, तर खर्च वाढतो आणि टक्काही वाढतो. काम तेवढंच, प्रगती जास्त! माप अशी फसवणूक करत नाही.

खतावणी:
तोडलेल्या स्लॅबचा खर्च टक्का काढताना वगळायचा असतो.

मोजपट्टी:
वगळायला तो वहीत वेगळा लिहिलेला हवा. लहान साइटवर मजुरीचा एकच आकडा येतो, त्यातून तोडफोडीचे दिवस कोण वेगळे काढणार? माझं म्हणणं, टक्का मापाचाच घ्या, पण चढवलेल्या भावाने नको. प्रत्येक आयटमच्या मापाला त्याचा स्वतःचा अंदाजी खर्च लावून टक्का काढा.

खतावणी:
हा उपाय चांगला आहे. पण त्याला दर आयटमचा खर्च हवा, आणि सिमेंटवाल्यांकडे तो नाही असं दिसतंय.

सिमेंटवाला:
आहे. टेंडर भरताना काढला होता, फाइलमध्ये पडून आहे. ठीक, उरलेल्या आयटमची यादी आजच्या भावाने करून घेतो. साडेसात हा आकडा तोवर वहीत टाकत नाही. पण सांगा, माझ्या कामात 6 लाखांचे जादा आयटम आहेत. काम झालंय, खर्च वहीत पडलाय, पार्टी तोंडी हो म्हणाली, लेखी मंजुरी नाही. ते उत्पन्नात धरू की नको?

जुनीवही:
लेखी नाही तर नको.

मोजपट्टी:
साइटच्या ऑर्डर बुकात त्यांच्या इंजिनियरची नोंद आहे का, ते आधी बघा. असेल तर मी धरीन.

खतावणी:
नोंद असली तरी भाव ठरलाय का? भाव न ठरता पूर्ण 6 लाख मी धरणार नाही. खर्च मात्र 92 मध्ये नक्की आलाय का, ते तपासा. नाहीतर 8 हा नफाही खोटा.