बी विंगच्या गच्चीचं कोटिंग: 10 डिग्री म्हणजे 50 की 18?

खजिनदार (ए-302): नमस्कार. काल दुपारी अडीचला सेक्रेटरी आणि मी टेम्परेचर गन घेऊन गच्चीवर गेलो. कोटिंग न केलेल्या ए विंगच्या स्लॅबवर पाच ठिकाणची सरासरी 144 आली, कोटिंग केलेल्या बी विंगवर 126. गन फॅरेनहाइटमध्ये आहे. करारात लिहिलंय, "पृष्ठभागाचं तापमान किमान 10 अंश सेल्सिअसने कमी होईल". मोबाईलवर टाकून बघितलं, 10 सेल्सिअस म्हणजे 50 फॅरेनहाइट. आपल्याकडे फरक फक्त 18. म्हणजे निम्मंसुद्धा काम झालेलं नाही. ठेकेदाराचा दुसरा हप्ता थांबवतोय.

बी-401: बरोबर केलंत काका. आमचं घर गच्चीखालचं. रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

ए-103: पैसे देऊच नका. दीड महिना झाला काम होऊन.

बी-104 (बाई): खजिनदार साहेब, हप्ता थांबवण्याआधी माझं ऐका. तुमची मापं बरोबर आहेत, रूपांतर चुकलंय. 10 सेल्सिअसचा फरक म्हणजे 18 फॅरेनहाइटचा फरक. त्या माणसानं कबूल केलं होतं तेवढं काम झालेलं आहे.

खजिनदार (ए-302): बाई, तुमच्यापुढे मी काय बोलणार, पण 10 म्हणजे 50 हे गूगलच सांगतंय की ओ. स्क्रीनशॉट टाकू का?

बी-104 (बाई): टाकू नका, ते उत्तर खरंच आहे. फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही विचारलंत, "थर्मामीटर 10 सेल्सिअस दाखवत असेल तर फॅरेनहाइटमध्ये किती दाखवेल?" त्याचं उत्तर 50. आपला प्रश्न आहे, "तापमान 10 ने उतरलं तर फॅरेनहाइटमध्ये कितीने उतरलं?" मराठीत सगळा फरक त्या "ने"मध्ये आहे. तापमान 10 झालं, आणि तापमान 10 ने कमी झालं. करारात "सेल्सिअसने" असं स्पष्ट लिहिलंय.

सी-202: पण सूत्र तर एकच आहे ना बाई? शाळेत तेच पाठ केलं.

बी-104 (बाई): सूत्र हे:

```
F = 1.8 × C + 32
```

आता लाईट बिल डोळ्यासमोर आणा. वरच्या टप्प्याचे वाढीव दर क्षणभर बाजूला ठेवा. बिलात स्थिर आकार असतो, तो एक युनिट न जाळताही लागतो. त्यावर युनिटमागे दर. इथे 32 हा स्थिर आकार आणि 1.8 हा दर. समजा या महिन्यात तुम्ही मागच्यापेक्षा 10 युनिट जास्त जाळलेत. बिल कितीने वाढेल? 10 गुणिले 1.8, म्हणजे 18. स्थिर आकार दोन्ही महिन्यांत लागलाच होता, तो वाढीत पुन्हा कोणी धरत नाही. तुम्ही 50 काढलेत तेव्हा 10 युनिटच्या वाढीवर स्थिर आकार नव्यानं लावलात.

हे 32 येतात कुठून, तर शून्य कुठे ठेवलं त्यावरून. पाणी गोठतं तिथे सेल्सिअसमध्ये 0 आहे, फॅरेनहाइटमध्ये 32. उकळतं तिथे 100 आणि 212. मधल्या अंतराचे एकीकडे 100 भाग, दुसरीकडे 180. म्हणून सेल्सिअसची एक पायरी म्हणजे फॅरेनहाइटच्या 1.8 पायऱ्या. किती पायऱ्या उतरलो हे मोजताना जिना कुठून सुरू झाला याचा संबंध येत नाही.

बी-401: लाईट बिलाचं पटलं बाई. पण आपल्या आकड्यांवर करून दाखवा.

बी-104 (बाई): दाखवते. इथे दोन्ही रीडिंग आहेत, फरक नाही, म्हणून 32 वजा करायचेच.

ए विंग: 144 वजा 32 म्हणजे 112, भागिले 1.8, आले 62.2 सेल्सिअस.
बी विंग: 126 वजा 32 म्हणजे 94, भागिले 1.8, आले 52.2 सेल्सिअस.

फरक बरोबर 10. सरळ 18 भागिले 1.8 केलं असतं तरी 10 च आले असते, कारण दोन्ही ओळींत वजा केलेले 32 आपापसात उडून जातात.

ए-103: एक मिनिट. मी आत्ता मोबाईलमध्ये 18 फॅरेनहाइट टाकून सेल्सिअस काढलं, तर उणे 7.8 आलं! म्हणजे कोटिंगनं गच्ची उलट तापली की काय?

बी-104 (बाई): नाही ओ दादा. मोबाईलला वाटलं कुठेतरी थर्मामीटर 18 फॅरेनहाइट दाखवतोय. ते बर्फाच्याही खालचं तापमान आहे, म्हणून उणे आलं. मोबाईलला फरक कळत नाही, तो प्रत्येक आकडा रीडिंगच समजतो. त्याच्याकडूनच फरक काढायचा असेल तर 10 टाका, 50 येईल. मग 0 टाका, 32 येईल. 50 मधून 32 वजा करा.

सी-202: बाई, आमचा लेक विचारतोय की केल्विनमध्ये हाच फरक किती?

बी-104 (बाई): 10 च. केल्विनची पायरी सेल्सिअसएवढीच मोठी आहे, फक्त शून्य खूप खाली आहे. शाबास म्हणावं त्याला.

खजिनदार (ए-302): म्हणजे मी ज्या 50 ची वाट बघत होतो ते होणारच नव्हतं?

बी-104 (बाई): 144 मधून 50 गेले तर 94 उरतात, म्हणजे साधारण 34 सेल्सिअस. काल दुपारी सोलापुरात हवाच 42 होती. साधा पांढरा थर भर उन्हात हवेपेक्षा 8 अंश थंड राहत नाही. एवढ्यावरूनही कळलं असतं की कुठेतरी चुकतंय.

सेक्रेटरी (सी-301): पण गन स्वस्तातली आहे बाई. दोन डिग्री इकडेतिकडे दाखवत असेल तर? फरक काठावर आलाय.

बी-104 (बाई): रास्त शंका आहे. गन दोन्हीकडे सारखंच जास्त दाखवत असेल तर ती चूकही 32 सारखीच वजाबाकीत निघून जाते. पण एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी दाखवत असेल, तर नाही जात. म्हणून परवा पुन्हा मोजा. तीच गन, तीच वेळ, दोन्ही विंग एकापाठोपाठ, आणि दहा दहा ठिकाणी. पाण्याच्या टाकीच्या सावलीतली जागा सोडा. तुम्ही कोटिंगआधीचं आणि नंतरचं न मोजता दोन विंग एकाच वेळी मोजल्यात, ते फार चांगलं केलंत. नाहीतर दोन दिवसांच्या उन्हातला फरक त्यात मिसळला असता.

बी-401: पण बाई, आमचं घर अजून तापतंय त्याचं काय? 10 डिग्री घरात कुठे कमी झालंय?

बी-104 (बाई): वहिनी, करार स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागाचा आहे, खोलीचा नाही. उष्णता स्लॅबमधून खाली यायला तास लागतात, शिवाय तुमची पश्चिमेची भिंत उन्हात असतेच. खोलीतला फरक 10 पेक्षा बराच कमी असणार. तुमचा त्रास खरा आहे, पण तो या हप्त्यात धरता येणार नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जाड पडदा किंवा वाळ्याच्या ताट्या लावण्याचं सोसायटीनं बघावं, असं मला मनापासून वाटतं.

खजिनदार (ए-302): बाई, मी ठेकेदाराला काल रात्री फोनवर बरंच बोललो. आत्ता फोन करून माफी मागतो. परवा मोजून फरक 18 च्या खाली गेला नाही तर त्याच दिवशी चेक.

सेक्रेटरी (सी-301): गनच्या सेलच्या झाकणात एक छोटं बटण सापडलं, त्यानं सेल्सिअस होतं. आता तिथेच ठेवलंय. परवा सव्वादोनला ए विंगच्या जिन्याशी भेटू. चप्पल जाड तळव्याची घाला.